जळालेली मोटर पाठवताना तिचे मागचे कागदही पाठवा

मोटर आमच्या रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये उतरली की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतो, "रिपोर्ट कधी देताय?" मोटर उघडून पाहायला आणि मोजमापे घ्यायला आम्हाला फार वेळ लागत नाही. रिपोर्ट अडतो तो तिच्या मागच्या नोंदींसाठी. मोटर का गेली एवढेच मालकाला, विम्याच्या सर्व्हेअरला किंवा तुमच्या ऑडिटरला नको असते. ती जाण्याआधी कोणी, केव्हा, काय तपासले होते, हेही त्यांना हवे असते. ते आम्ही अंदाजाने लिहू शकत नाही.

इथे बहुतेकांची एकच चूक होते. नोंदी मागितल्या की पी.एम. शेड्यूल येते. वर्षाचा तक्ता, बारा महिने, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. शेड्यूल म्हणजे काय करायचे ठरले होते त्याचा कागद. त्या दिवशी ते झाले का, आणि झाले असेल तर काय आढळले, हे त्यात नसते. एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेला तक्ता सर्व्हेअर बघताक्षणी ओळखतो आणि मग तुमच्या खऱ्या नोंदींवरही त्याचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा तेलाचे डाग पडलेली शिफ्टची वही आम्हाला कितीतरी उपयोगी.

एक उदाहरण घेऊ. एका फाउंड्रीच्या ब्लोअरची 30 किलोवॅटची, चार पोलची, बेल्टवर चालणारी मोटर. ती 18 ऑगस्टला जॅम होऊन जळाली. आधी कधीतरी ती बाहेर रिवाइंड झालेली होती, त्यामुळे कारखान्याचे म्हणणे ठरलेले होते: वाइंडिंग कच्चे होते. सोबत शेड्यूल, सगळे "ओके".

उघडल्यावर वेगळेच दिसले. पुलीच्या बाजूच्या बेअरिंगचा केज तुटलेला. बाहेरच्या रिंगवर गोळ्यांची खोल घासलेली वाट, तीही फक्त बेल्ट ज्या दिशेने ओढतो त्या बाजूला. रोटर सगळीकडून घासलेला, पण स्टेटर एकाच जागी. बेअरिंग बसले, रोटर एका बाजूला झुकला, स्टेटरला लागला आणि त्या जागेची कॉइल जळून अर्थ झाली. बाकीच्या कॉइल स्वच्छ होत्या. कच्चे वाइंडिंग असे एकाच घासल्या जागी जळत नाही.

मग आम्ही शेड्यूल बाजूला ठेवून स्टोअरचे इश्यू रजिस्टर, शिफ्टच्या वह्या आणि मेंटेनन्सवाल्यांची खिशातली डायरी मागितली. त्यावरून रिपोर्टमध्ये हे लागले:

12 मे: मेगर 200 मेगाओहम, मोटर थंड असताना. (मेंटेनन्स डायरी)
2 जून: बेअरिंगचा आवाज ऐकला, नेहमीसारखा. (शिफ्टची वही)
9 जून: पाचही व्ही-बेल्ट बदलले. ताण मोजल्याची नोंद नाही. (स्टोअर, मेंटेनन्स डायरी)
1 जुलै, 1 ऑगस्ट: "ओके". काय तपासले याची नोंद नाही. (पी.एम. शीट)
11 ऑगस्ट: पुलीच्या बाजूने आवाज येत असल्याची तक्रार. पुढे काय केले याची नोंद नाही. (रात्रपाळीची वही)
18 ऑगस्ट: मोटर जॅम.

या सहा ओळींत रिपोर्टचा जीव आहे. 2 जूनला आवाज ठीक होता आणि 11 ऑगस्टला नव्हता, म्हणजे बिघाड मधल्या काळात वाढला. त्याच काळात बेल्ट बदलले गेले. मात्र बेल्ट जास्त ताणले होते हे सिद्ध झाले, असे आम्ही लिहिले नाही, कारण ताण कोणी मोजलाच नव्हता. "बेअरिंगवरच्या खुणा बेल्टच्या जादा ताणाशी जुळतात", इतकेच लिहिले. जुलैच्या "ओके"समोर "तपासल्याचा पुरावा नाही" असे आले. "तपासले नाही" असे लिहिले नाही. हे दोन शेरे एक नव्हेत आणि ग्राहक सर्वांत जास्त वाद इथेच घालतात. कोणी सांगितले म्हणून आम्ही शेरा बदलत नाही. कागद दाखवा, लगेच बदलू.

"ओव्हरलोड रिले का पडला नाही?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. पॅनलच्या वहीत मे ते ऑगस्ट करंट 41 ते 43 अँपिअर होता आणि नेमप्लेटवर 54. खराब होत चाललेले बेअरिंग करंट फारसे वाढवत नाही, त्यामुळे रिलेला ते कळतच नाही. ते कानाला, हाताला किंवा व्हायब्रेशन मीटरला कळते. म्हणून करंटच्या नोंदी असूनही बेअरिंगच्या वेगळ्या नोंदी आम्ही मागतो.

नोंद कशी असावी, तर आकड्यासकट. "ग्रीस केले" यातून काही कळत नाही. या मोटरच्या 6312 बेअरिंगचा बाहेरचा व्यास 130 मिमी आणि रुंदी 31 मिमी. दोन्हींचा गुणाकार करून 0.005 ने गुणले की साधारण 20 ग्रॅम येते. ग्रीस गनच्या एका दाबाला किती ग्रॅम निघते ते एकदा वजनकाट्यावर बघून ठेवा आणि वहीत दाबांची संख्या व ग्रीसचे नाव लिहा. मेगरच्या आकड्याबरोबर मोटर गरम होती की थंड, हे लिहा. वाइंडिंगचे तापमान 10 अंशांनी वाढले की आकडा ढोबळमानाने निम्म्यावर येतो, त्यामुळे त्याशिवाय दोन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.

मोटर पाठवण्यापूर्वी बेअरिंग स्वतः काढू नका. काढलेच असेल, तर बाहेरची रिंग वर कुठे होती ती खूण करा; नाहीतर वरच्या उदाहरणातली बेल्टची बाजू आम्हाला सांगता आली नसती. मोटर धुऊन पाठवू नका, जुने ग्रीसही पुरावा असते. ड्राइव्ह असेल तर रिसेट करण्याआधी त्यावरच्या फॉल्टचे फोटो घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की त्यातली मूळ तारीख-वेळ निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पॅनलचे कागदही जोडा, मोटर एकटी आली तरी. डेल्टा जोडणीत एकच फेज जळालेली दिसली की आमचा पहिला संशय फ्यूज आणि कॉन्टॅक्टरवर जातो, आणि ते शेवटचे केव्हा तपासले हे तुमच्याकडेच असते.

"तुम्ही रिवाइंडिंगवाले, एवढी चौकशी कशाला?" असे काही जण विचारतात. फक्त रिवाइंडिंग हवे असेल तर आम्ही काहीच विचारत नाही, मोटर करून देतो. सहीशिक्क्याचा रिपोर्ट हवा असेल, तर त्यातल्या प्रत्येक तारखेसमोर ती कुठून मिळाली हे येणारच. आधी आम्हीच केलेली मोटर परत आली, तर आमचे टेस्ट कार्डही त्याच रिपोर्टला लागते, ते आमच्या विरुद्ध जात असले तरी.

आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये आम्ही कार्ड ठेवतो: मेगर, तिन्ही फेजचा रेझिस्टन्स, नो-लोड करंट, बेअरिंगचा नंबर, ग्रीस, तारीख. मागे रिकाम्या ओळी असतात, त्या तुमच्या मेंटेनन्सवाल्यांनी भरायच्या. ज्यांना माणूस ठेवणे परवडत नाही, त्यांच्याकडे आम्ही दर तीन महिन्यांनी येऊन हीच मोजमापे घेतो आणि एक प्रत आमच्या फाइलला ठेवतो. अशा मोटरचा रिपोर्ट मागवलात, तर कागदांसाठी तुम्हाला फोन करावा लागत नाही.