मेसेज पडद्यावर आला, पण वाचला का?

माझ्या भाचीनं बारा मिनिटांची एक शॉर्टफिल्म केली आहे. गेल्या महिन्यात परळला एका छोट्या हॉलमध्ये वीस-पंचवीस ओळखीच्या माणसांना तिनं ती दाखवली. गोष्ट सगळी एका मेसेजवर उभी आहे. दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीत उभ्या असलेल्या मुलीला भावाचा मेसेज येतो: ‘बाबांना दवाखान्यात आणलंय. तू ये. घाबरू नकोस.’ तो मेसेज मुलीच्या चेहऱ्याशेजारी पांढऱ्या बबलमध्ये दिसतो आणि पुढच्याच शॉटमध्ये ती पळत सुटते. फिल्म संपल्यावर माझ्या शेजारच्या काकूंनी विचारलं, “ती पळाली का पण?” मागच्या रांगेतल्या दोघांनाही हाच प्रश्न पडला होता.

भाची हिरमुसली. “मामा, अडीच सेकंद ठेवलाय मी तो मेसेज. सात शब्द आहेत. अजून किती ठेवायचा?” तिच्या एडिटर मित्राचं म्हणणं त्याहून निराळं. आजकालच्या प्रेक्षकाचं लक्ष आठ सेकंदांच्या वर टिकत नाही, गोल्डफिशपेक्षाही कमी, तेव्हा सगळं भराभर हललं पाहिजे. हा आठ सेकंदांचा आकडा जाहिरातवाल्यांच्या सादरीकरणांतून वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याच्या मुळाशी जायचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांना कुठलंही भरवशाचं मोजमाप सापडलेलं नाही, माणसाचंही नाही आणि माशाचंही नाही. तेव्हा तो बाजूला ठेवू आणि डोळा वाचतो कसा ते बघू. दोघांच्या भांडणाचा निकाल तिथेच लागतो.

आपल्याला वाटतं, वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते. तसं होत नाही. नजर एका जागी टेकते, साधारण पाव सेकंद थांबते आणि मग टुणकन पुढच्या जागी उडी मारते. ही उडी सेकंदाच्या तीसेक सहस्रांशात संपते. शास्त्रज्ञ तिला सॅकेड म्हणतात आणि हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधून आला आहे. उड्या माराव्या लागतात, कारण दृष्टिपटलावरचा बारीक अक्षरं ओळखू शकणारा भाग, फोव्हिया, फार छोटा असतो. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका वेळी साधारण तेवढाच तुकडा आपल्याला लख्ख दिसतो, बाकी सगळं धूसर असतं.

गंमत अशी की उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळे असतो. आरशासमोर उभे राहा, स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या डोळ्याकडे, मग परत डाव्या. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीही दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट हलताना दिसतात. उडीच्या काळात येणारं फराटलेलं चित्र मेंदू दाबून टाकतो. म्हणजे वाचन जे काही होतं ते टेकलेल्या क्षणांत होतं, आणि टेकायला अक्षर जागेवर थांबलेलं लागतं.

अक्षरच हलत असेल तर? मग डोळा दुसरी युक्ती वापरतो. तो हलत्या वस्तूच्या मागे मागे त्याच वेगानं सरकतो. ही युक्ती बघायची असेल तर लोकलमध्ये खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे लक्ष द्या. ते मागे पळणाऱ्या एखाद्या खांबाला पकडून सरकत जातात, मग झटक्यात पुढे येऊन नवा खांब पकडतात, आणि हे अखंड चालू राहतं. फास्ट लोकल माटुंग्यातून जाताना फलकावरचं नाव आपण याच युक्तीनं वाचतो. पण तिथे एकच शब्द असतो आणि गाडीचा वेग एकसारखा असतो. एका सरकण्यात काम भागतं.

सात शब्दांच्या मेसेजला ते पुरत नाही. तिथे डोळ्याला बबलबरोबर सरकायचं असतं आणि त्याच वेळी एका शब्दावरून दुसऱ्यावर उडीही मारायची असते. उडी कुठे टेकणार हे मेंदू आधी ठरवतो, आणि एकदा निघालेली उडी सहसा वाटेत वळत नाही. शब्द स्थिर असेल तर नेम बरोबर लागतो. शब्द एकसारख्या वेगानं सरकत असेल तर मेंदू अंदाज बांधून थोडा पुढचा नेम धरतो. पण भाचीनं बबलला जी ॲनिमेशन दिली होती तिच्यात बबल खालून वर येतो, जागेच्या थोडा पलीकडे जातो, मग स्प्रिंगसारखा हिंदकळत मागे येऊन थांबतो. सॉफ्टवेअरमध्ये हा प्रिसेट तयारच मिळतो आणि दिसायला गोड असतो. वेग दर क्षणाला बदलत असल्यानं डोळ्याचा अंदाज मात्र चुकतो. उडी शब्दाच्या वर किंवा खाली पडते, मग दुरुस्तीची आणखी एक छोटी उडी मारावी लागते, आणि तोपर्यंत बबल आणखी हललेला असतो. बबल पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ वाचनाच्या हिशोबात धरायचाच नाही, असं मी तिला सांगितलं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची. मेसेज एकूण 60 फ्रेम पडद्यावर, म्हणजे अडीच सेकंद. त्यातल्या 24 फ्रेम हिंदकळण्यात गेल्या, उरलं दीड सेकंद. बबल आला तेव्हा प्रेक्षकाची नजर मुलीच्या चेहऱ्यावर होती. काहीतरी नवं आलं हे कळून नजर तिकडे निघायलाच साधारण पाव सेकंद लागतो. समजा यातला काही वेळ बबल हलत असतानाच उरकला. तरी सात शब्दांसाठी नजर सातेक वेळा टेकणार, दर वेळी पाव सेकंद, म्हणजे पावणेदोन सेकंद हवेत. एखादा शब्द निसटला म्हणून मागे यावं लागलं तर दोनच्या वर. हाती होता दीड. काकूंना बहुधा पूर्ण मेसेज वाचताच आला नसेल.

ब्रिटनमधल्या बीबीसीच्या सबटायटलच्या नियमांत शब्दामागे सुमारे एक तृतीयांश सेकंद किंवा थोडा अधिक धरतात. तो इंग्रजी शब्दांचा हिशोब आहे. मराठीत ‘दवाखान्यात’ हा एक शब्द इंग्रजीत तीन शब्दांचं काम करतो, म्हणून शब्द मोजून आपली फसगत होते. मला सोपी वाटते ती पद्धत अशी: मेसेज शांतपणे, पूर्णविरामाला थांबत, एकदा मोठ्यानं वाचायचा आणि घड्याळ लावायचं. मनातल्या मनात वाचणं मोठ्यानं वाचण्यापेक्षा जलद असतं, त्यामुळे समजून घ्यायला आणि नजर परत चेहऱ्याकडे न्यायला थोडा वेळ आपोआप शिल्लक राहतो. आमच्या मेसेजला साडेतीन सेकंद लागले.

नवा हिशोब असा झाला. बबल आता खालून येत नाही. ठरलेल्या जागेच्या जेमतेम 12 पिक्सेल खाली तो पुसट दिसायला लागतो आणि 6 फ्रेममध्ये वर येऊन पूर्ण उमटतो. हिंदकळणं काढून टाकलं. सुरुवातीला वेग जास्त, शेवटाकडे मंद होत थांबणं, एवढंच ठेवलं. मग 84 फ्रेम तो जागचा हलत नाही. शेवटच्या 6 फ्रेममध्ये विरून जातो. एकूण 96 फ्रेम, बरोबर चार सेकंद. आधीपेक्षा दीड सेकंद जास्त, पण वाचायला मिळणारा वेळ दीडवरून साडेतीनवर गेला.

हालचाल अजिबात नको असं मात्र नाही. नजरेच्या कडेला अचानक काही उमटलं की लक्ष आपसूक तिकडे जातं, आणि प्रेक्षकाला चेहऱ्यावरून बबलकडे आणायला ते हवंच असतं. ‘टायपिंग’चे तीन ठिपके इथे फार कामाचे. मेसेज जिथून सुरू होणार नेमक्या त्या डाव्या टोकाला ठिपके आधी दाखवले, तर अक्षरं येण्याआधीच नजर तिथे पोचून बसलेली असते. पण ठिपके नाचत असताना मुलीच्या चेहऱ्यावर काही महत्त्वाचं घडवायचं नाही. ते कोणी बघणार नाही.

फिल्ममध्ये पुढे भावाबहिणीच्या पाच-सहा मेसेजची एक देवाणघेवाण आहे, तिथे वेगळीच अडचण निघाली. नवा बबल आला की आधीचे सगळे वर ढकलले जायचे, अगदी खऱ्या फोनवर जातात तसे. प्रेक्षक दुसऱ्या मेसेजच्या मध्यावर असतानाच ओळ त्याच्या नजरेखालून निघून जायची. तिनं आता सगळ्या बबलांची जागा आधीच राखून ठेवली आहे. पहिला वर येतो, पुढचे त्याच्या खाली मोकळ्या जागेत येतात, जुना कोणी हलत नाही. तीनपेक्षा जास्त झाले की पाटी पुसून पुन्हा वरून सुरुवात.

आणखी एक दोष फक्त आपल्या लिपीत दिसतो. तिनं काही मेसेज टाइपरायटरसारखे एकेक अक्षर उमटवत आणले होते. रोमन लिपीत एकदा उमटलेलं अक्षर बदलत नाही. देवनागरीत सॉफ्टवेअर संगणकाच्या हिशोबानं एकेक चिन्ह सोडतं आणि ‘न्या’ असा येतो: न, न्, न्य, न्या. एकाच जागी चार आकृत्या. ‘कि’मध्ये तर आधी क उमटतो आणि मग वेलांटी त्याच्या डावीकडे घुसून त्याला उजवीकडे सारते. नजर टेकली असताना अक्षरच बदललं तर ते टेकणं वाया जातं. मुळात आलेला मेसेज फोनवर अखंडच येतो. पात्र स्वतः टाइप करताना दाखवायचं असेल तेव्हाच हा परिणाम ठेवावा, आणि तेव्हाही पूर्ण अक्षर, जमल्यास पूर्ण शब्द, एकदम सोडावा.

आता चाचणी. बनवणाऱ्यानं स्वतः बघून उपयोग नाही, कारण मजकूर पाठ असतो आणि दोन शब्द दिसले की बाकीचे मन भरून काढतं. भाचीच्या वेळेचा अंदाज चुकला तो याचमुळे. नवीन आवृत्ती आम्ही गोष्ट ठाऊक नसलेल्या पाच जणांना एकेकट्यानं फोनवर दाखवली आणि मेसेज विरताक्षणी फिल्म थांबवून विचारलं, काय लिहिलं होतं? चौघांनी तिन्ही वाक्यांचा अर्थ बरोबर सांगितला. पाचवी माझी आई, वय 78, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती म्हणाली, “बाबांना दवाखान्यात नेलंय, पुढचं राहिलं.”

तिच्यासाठी मेसेज सहा सेकंद ठेवला असता तर बाकीचे चौघे कंटाळले असते. म्हणून भाचीनं पळत सुटायच्या शॉटवर भावाचा आवाज घातला आहे. फोनवर तो एवढंच म्हणतो, “घाबरू नकोस गं, ये तू.”