नोकरीसाठी एकच प्रोजेक्ट करायचा असेल तर बूटलोडर करा

मुलाखतींचा हंगाम आला की बुधवार पेठेतल्या आमच्या काउंटरवर तीच यादी येते: आर्डुइनो, तापमानाचा सेन्सर, छोटा डिस्प्ले, एक रिले. सामान आम्ही देतोच. पण हा प्रोजेक्ट मुलाखत घेणाऱ्याने कितीदा तरी पाहिलेला असतो, आणि अवघड काम त्यात लायब्ररीनेच केलेलं असतं. फर्मवेअरची नोकरी हवी असेल तर आमचा सल्ला आहे की सिरियल पोर्टवरून नवा प्रोग्रॅम घेणारा बूटलोडर स्वतः लिहा. सेन्सरही लागत नाही. NUCLEO-F103RB हा बोर्ड आणि यूएसबी केबल एवढं पुरतं, कारण प्रोग्रॅमर आणि सिरियल पोर्ट बोर्डावरच असतात.

या बोर्डावरच्या STM32F103RB चिपमध्ये 128 केबी फ्लॅश आहे, 1 केबीच्या पानांत विभागलेली. पहिले 16 केबी बूटलोडरला द्या, शेवटचं पान नोंदीसाठी राखा आणि मधले 111 केबी मुख्य प्रोग्रॅमला. मुख्य प्रोग्रॅमच्या लिंकर फाईलमधली ओळ अशी होईल:

```
FLASH (rx) : ORIGIN = 0x08004000, LENGTH = 111K
```

इथेच बहुतेक जण पहिल्यांदा अडकतात. एक मुलगा बोर्ड घेऊन आला होता. बूटलोडर मुख्य प्रोग्रॅमवर उडी मारायचा, एलईडी लागायचा आणि लागलेलाच राहायचा. त्याला वाटलं बोर्ड खराब आहे, बदलून द्या. डिबगरने थांबवून पाहिलं तर प्रोग्रॅम `HAL_Delay` मध्ये फिरत होता. टायमरचा इंटरप्ट येत होता, पण चिप त्याचा पत्ता अजून बूटलोडरच्याच तक्त्यात शोधत होती, त्यामुळे मुख्य प्रोग्रॅमचं घड्याळ पुढे सरकतच नव्हतं. मुख्य प्रोग्रॅमच्या `main` मध्ये अगदी वर ही ओळ टाकली आणि एलईडी लुकलुकू लागला:

```c
SCB->VTOR = 0x08004000;
```

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. संगणकावरून फाईल सलग पाठवली की पहिले 1024 बाइट बरोबर उतरतात आणि तिथून पुढे सगळं सरकतं. कारण पुढचं पान पुसायला 20 ते 40 मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून चालणारा प्रोग्रॅम थांबून राहतो. 115200 च्या वेगाने या वेळात 230 ते 460 बाइट येऊन जातात, आणि सिरियलच्या रजिस्टरमध्ये जागा जेमतेम एका बाइटची. हीच भानगड आहे का हे ओळखायचं तर `USART_SR` मधला `ORE` बिट पाहा. इलाज सोपा आहे: 256 बाइटचा तुकडा पाठवायचा, बोर्डाकडून पोच आली की मगच पुढचा. वेग थोडा कमी केला तरी चालेल असं काही जण म्हणतात. 9600 वर ठेवलं तरी पान पुसताना 19 ते 38 बाइट येतातच, म्हणजे चूक राहतेच.

आता खरा भाग: अपडेट चालू असताना वीज गेली तर? इथे कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी शेवटचं पान पुसा, म्हणजे 'प्रोग्रॅम वैध' ही खूण गेली. मग मुख्य प्रोग्रॅम लिहा, फ्लॅशमधून परत वाचून सीआरसी जुळवा, आणि जुळला तरच खूण लिहा, तीही सर्वांत शेवटी. बोर्ड चालू होताना खूण नसेल तर बूटलोडर उडी न मारता नव्या फाईलची वाट पाहतो. खूण आधी लिहिणारे प्रोजेक्ट आम्ही पाहिले आहेत. वीज जाईपर्यंत ते उत्तम चालतात.

याची चाचणी अपडेट चालू असताना केबल उपटून करा: पान पुसताना, अर्ध्या फाईलवर, खूण लिहिण्याच्या जरा आधी. प्रत्येक वेळी काय झालं ते `README` मध्ये तक्ता करून लिहा, फसलेल्या वेळांसकट. आमच्या मते मुलाखतीत त्या तक्त्यावर कोडपेक्षा जास्त वेळ बोलता येतं.

मर्यादाही लिहा. या रचनेत जुना प्रोग्रॅम पुसला जातो, म्हणून वीज गेली तर बोर्ड वाचतो पण काम बंद राहतं. जुना जपायचा तर 55 केबीच्या दोन जागा कराव्या लागतात. सीआरसीने पाठवताना झालेली चूक कळते, मुद्दाम बदललेली फाईल कळत नाही. त्यासाठी डिजिटल सही लागते.

चाकण किंवा हिंजवडीच्या वाहन क्षेत्रातल्या कंपनीत जाणार असाल तर थोडं पुढे जा. गाडीच्या ईसीयूत हेच काम बहुधा कॅन बसवर यूडीएस या निदान प्रोटोकॉलच्या `0x34`, `0x36` आणि `0x37` या सेवांनी होतं: डाउनलोडची विनंती, तुकडे पाठवणं, शेवट. तुमच्या सिरियल आज्ञांना याच क्रमाने बसवलंत तर पुढे कॅन ट्रान्सीव्हर जोडून तोच प्रोजेक्ट वाढवता येईल.

घरी याच मालिकेतल्या चिपचा स्वस्त निळा बोर्ड पडून असेल तर नवा घेऊ नका, तोच घेऊन या. त्यावर फ्लॅश 64 केबी धरा आणि वरचे आकडे त्याप्रमाणे बदला. काही निळ्या बोर्डांवर नकली चिप निघते. ती आम्ही काउंटरवरच प्रोग्रॅमर लावून पाहून देतो.