घोषणेचा डेक आणि पत्रकारांचे प्रश्न: पार्श्वभूमी

मुंबईत कंपनीची घोषणा पूर्वी प्रेसनोटने व्हायची. ती वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोचवली जायची आणि पत्रकाराच्या हातात सहसा कंपनीने दिलं तेवढंच असायचं. त्यामुळे प्रवक्त्याची तयारी मुख्यतः काय बोलायचं याची असे.

हे बदललं ते माहिती शेअर बाजाराला लगेच कळवण्याच्या नियमांनी. सेबीच्या 2015च्या लिस्टिंग नियमांनुसार आर्थिक निकाल, लाभांश असे संचालक मंडळाचे निर्णय बैठक संपल्यापासून 30 मिनिटांत शेअर बाजाराला कळवायचे असतात. 2023च्या दुरुस्तीने ही मुदत बैठकीतल्या इतर महत्त्वाच्या निर्णयांनाही लागू झाली. (बाजार बंद झाल्यावर संपणाऱ्या बैठकींना पुढे 3 तासांची सवलत मिळाली.) गुंतवणूकदारांसाठीचा डेक, म्हणजे घोषणेच्या स्लाइडचा संचही बीएसईच्या संकेतस्थळावर चढतो. म्हणजे प्रवक्ता फोन उचलतो तेव्हा समोरच्याने तळटीपांसह सगळ्या स्लाइड वाचलेल्या असू शकतात. म्हणूनच आज प्रवक्त्याच्या तयारीत मोठा वाटा प्रश्नांचा आहे, मुद्द्यांचा नाही.

एक काल्पनिक डेक घेऊ. स्लाइड 4 वर लिहिलंय: क्षमता 50,000 टनांवरून 70,000 टन, गुंतवणूक 400 कोटी रुपये. माध्यमांसाठीचा पहिला मुद्दा इथूनच निघतो: ‘क्षमता 40 टक्क्यांनी वाढवतोय, 400 कोटी गुंतवतोय.’ पण स्लाइड 9 वर सध्याचा क्षमतावापर 70 टक्के आहे. गुणाकार केला की उत्पादन 35,000 टन, म्हणजे 15,000 टन क्षमता आजच रिकामी. मग नवी कशाला? हा प्रश्न येणारच. कदाचित जुन्या यंत्रांवर नव्या दर्जाचा माल निघत नसेल. पण ते कारखान्याच्या प्रमुखाला विचारूनच लिहायचं, अंदाजाने नाही. मग तळटीप: ‘मंजुरीच्या अधीन, टप्प्याटप्प्याने.’ कुठली मंजुरी बाकी आहे, पहिला टप्पा कधी, त्यात किती टन, पैसा कर्जाचा की स्वतःचा, हे चार प्रश्न त्या एका ओळीत दडलेत.

डेकमधली वाक्यं तशीच उचलली की मुद्दे फसतात, कारण ती गुंतवणूकदारासाठी लिहिलेली असतात. शिवाय ‘अधीन’ हा शब्द मुद्द्यांत गळतो आणि दुसऱ्या दिवशी मथळ्यात प्रकल्प नक्की झालेला असतो. अट मुद्द्याच्या त्याच वाक्यात ठेवावी.

आणखी एक धोका उत्तरांत आहे. पत्रकाराने मार्जिन विचारलं आणि प्रवक्त्याने डेकमध्ये नसलेला अंदाज सांगितला, तर ती अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती ठरू शकते. सेबीचे इनसायडर ट्रेडिंगविरोधी नियम तिथे लागू होतात. म्हणून प्रत्येक उत्तरासमोर स्लाइडचा क्रमांक लिहावा. ज्याच्यासमोर क्रमांक येत नाही ते उत्तर आधी कंपनी सचिवाकडे पाठवायचं, आणि त्याचा होकार येईपर्यंत प्रवक्त्याच्या कागदावर फक्त एवढंच ठेवायचं: ‘याबद्दल आम्ही शेअर बाजाराला कळवलेलं नाही, त्यामुळे आत्ता बोलता येणार नाही.’