माणूस पुसट करणं आणि माणूस धुक्यात उभा करणं

"अहो, जावयाच्या पायांतून रेलिंग दिसतंय!"

वधूच्या आईंनी फोटो मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून माझ्यासमोर धरला होता. खरंच दिसत होतं. उपवन तलावाच्या काठावर मुलगी छत्री घेऊन उभी, मागे येऊरचा डोंगर पावसाळी धुक्यात पूर्ण गडप, आणि शेजारी होणारा नवरा. तो मर्चंट नेव्हीत. जुलैत शूटच्या दिवशी बोटीवर होता, म्हणून सप्टेंबरमध्ये त्याचा फोटो ठाण्यातल्याच एका गच्चीवर काढून आम्ही इथे बसवला होता. बसवणारा आमचा नवा मुलगा. कटिंग सुरेख, केसांची एकेक बट सांभाळलेली. पण धुकं आणायला त्याने काय केलं, तर फोटोशॉपमध्ये नवरदेवाच्या लेयरची `Opacity` 72 वर आणली.

"दादा, पण डोकं बघा ना, डोकं एकदम बरोबर बसलंय," तो म्हणाला.

यात त्याचं चुकलं नव्हतं. डोकं खरोखरच बरोबर बसलं होतं, आणि पुसट करणं व धुक्यात उभं करणं या दोन गोष्टींची गल्लत होते ती नेमकी त्यामुळेच.

धुक्यात दूरची वस्तू फिकट का दिसते? तिच्याकडून निघालेल्या प्रकाशाचा काही भाग वाटेतल्या पाण्याच्या कणांवर आपटून भलतीकडे जातो आणि उरलेला आपल्यापर्यंत पोचतो. त्याच वेळी तेच कण आभाळाचा उजेड आपल्याकडे वळवतात. म्हणजे वस्तूचा रंग थोडा वजा होतो आणि त्याच्या जागी धुक्याचा रंग येऊन बसतो. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी 1924 मध्ये हा हिशेब मांडला. आपल्या कामापुरता तो असा:

```
दिसणारा रंग = माणसाचा रंग × t + धुक्याचा रंग × (1 − t)
```

इथे t म्हणजे माणसाकडून निघालेल्या प्रकाशातला कॅमेऱ्यापर्यंत पोचलेला हिस्सा. आता लेयरची `Opacity` कमी केली की सॉफ्टवेअर काय करतं ते बघा. माणसाचा रंग गुणिले t, अधिक मागे जे काही असेल त्याचा रंग गुणिले उरलेला हिस्सा. गणित तेच. फरक एवढाच, की कमी झालेली जागा धुक्याच्या रंगाने भरायची की मागच्या चित्राने.

मागे निव्वळ धुकं असेल तर दोन्हींचं उत्तर आकड्यापर्यंत एकच येतं. नवरदेवाच्या डोक्यामागे गडप झालेला डोंगर होता, म्हणून डोकं फसलं नाही. कमरेखाली मात्र मागे गडद रेलिंग होतं.

आकडे मांडूनच बघू. लाल, हिरवा, निळा असे तीनही चॅनेल घेत बसत नाही, फक्त हिरव्याचा आकडा धरतो; 0 म्हणजे काळं, 255 म्हणजे पांढरं. या फोटोत धुक्याचा आकडा 196. नवरदेवाची पँट मूळ फोटोत 30. धुक्यात ती व्हायला हवी 30 × 0.72 अधिक 196 × 0.28, म्हणजे साधारण 76. तळ्याचं पाणीही जवळजवळ धुक्याच्याच रंगाचं होतं, त्यामुळे पाण्यावर आलेल्या भागात पुसट केलेली पँटसुद्धा 76 च्या आसपास आली. रेलिंगचा आकडा 70. तिथे 30 × 0.72 अधिक 70 × 0.28, म्हणजे 41. एकाच पँटवर 76 आणि 41 असे पट्टे. आईंना दिसलं ते हेच. त्यांना गणिताची गरज पडली नाही, ही गोष्ट वेगळी.

दुरुस्ती पाच मिनिटांची. नवरदेवाची `Opacity` परत 100 केली. त्याच्या वर `Solid Color` चा फिल लेयर टाकला, रंग फोटोतल्याच धुक्यातून उचलला आणि `Create Clipping Mask` करून तो लेयर फक्त नवरदेवापुरता बांधला. या फिल लेयरची `Opacity` 28. आता रेलिंग त्याच्यामागे पूर्ण झाकलेलं राहतं आणि त्याचं काळं धुक्याच्या रंगाकडे सरकतं. क्लिपिंग विसरलात तर धुक्याचा थर सगळ्या फोटोवर चढतो. मुलगी आणि डोंगर आधीच धुक्यात होते, त्यांना धुक्याचा दुसरा हात बसतो आणि फोटो दूध सांडल्यासारखा दिसतो.

आता 28 कुठून आलं? त्या पोराने 72 डोळ्यांच्या अंदाजाने लावलं होतं आणि ते जमून गेलं. दर वेळी जमत नाही, म्हणून मोजावं. आयड्रॉपरचा `Sample Size` `5 by 5 Average` वर ठेवायचा, नाहीतर एखाद्या पिक्सेलच्या रवाळपणाने आकडा उडतो. आधी जिथे डोंगर पूर्ण नाहीसा झालाय तिथला आकडा घ्यायचा: 196. मग नवरदेवाच्याच अंतरावर उभी असलेली, मुळात काळी असणारी वस्तू शोधायची. इथे मुलीचे केस. चमक सोडून त्यांचा सगळ्यात गडद भाग मोजला तर 62 आला. नवरदेवाच्या गच्चीवरच्या फोटोत केसांचा गडद भाग 10 होता. म्हणजे धुकं नसतं तर तिचेही केस तेवढेच असते असं धरू. 196 मधून 62 गेले, 134 उरले. 196 मधून 10 गेले, 186 उरले. 134 भागिले 186, म्हणजे 0.72. उरलेले 28 टक्के धुकं.

शंका असेल तर सगळ्यात वर तात्पुरता `Curves` लेयर टाकून कॉन्ट्रास्ट वाईट दिसेपर्यंत ताणा. दोघांचे केस एकाच पायरीवर काळे होतात का ते बघा आणि मग तो लेयर उडवा. नुसत्या डोळ्यांना न कळलेला फरक तिथे लगेच उघडा पडतो.

धुक्याचा रंग फोटोतूनच उचला, असं का म्हणतो? कारण बहुतेक जण इथे पांढरा घेतात. पांढऱ्याचे 28 टक्के लावले तर केस 62 ऐवजी 79 होतात, हे एकवेळ खपून जाईल. पण शर्ट बघा. नवरदेवाचा पांढरा शर्ट मुळात 240. खऱ्या धुक्यात तो 228 वर उतरतो, कारण धुकं त्याच्यापेक्षा गडद आहे. पांढऱ्या थराखाली तोच शर्ट 244 वर चढतो. अख्ख्या फोटोत सगळ्यात उजळ गोष्ट नवरदेवाचा शर्ट, आणि माणूस धुक्यात उभा असण्याऐवजी ट्यूबलाइटखाली उभा असल्यासारखा. धुकं काळ्याला उजळ करतं तसं पांढऱ्याला मळवतंही, हे लक्षात राहिलं की निम्म्या चुका टळतात.

ब्लर मात्र लावू नका. धुकं म्हणजे धूसर, म्हणून हात आपोआप `Gaussian Blur` कडे जातो. एवढ्या अंतरावर कडा विरघळत नाहीत, फक्त उठाव कमी होतो. मुलीच्या ओढणीची किनार शंभर टक्के झूम करून बघितली तर रेषा स्पष्टच होती. रंगाचा भडकपणाही वेगळा उतरवायची गरज नाही, धुक्याचा थरच ते काम करतो.

एक गोष्ट मात्र या थराने होत नाही. नवरदेवाचा पहिला फोटो भर दुपारचा होता, नाकाखाली धारदार सावली. धुक्याचा थर ती सावली फिकी करतो, पुसत नाही, आणि धुक्यात अशी सावली पडतच नाही, कारण उजेड सगळीकडून येतो. त्याला ढगाळ सकाळी परत गच्चीवर उभं केलं. दुसरा इलाज नव्हता.

मग आईंची फर्माईश आली: "त्याला जरा पुढे घ्या ना, चेहरा नीट दिसेल." मुलगी कॅमेऱ्यापासून साधारण 40 मीटरवर होती, लांब लेन्सवर काढलेला फोटो. नवरदेव 20 मीटरवर आणायचा तर धुकं किती? अर्धं, म्हणजे 14, असं वाटतं. उत्तर त्याच्या जवळपास असलं तरी रीत ती नाही. धुकं बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. 40 मीटरमध्ये 0.72 प्रकाश उरतो, तर 20 मीटरमध्ये त्याचं वर्गमूळ, 0.85. म्हणजे थर 15 चा. उलट 80 मीटरवर 0.72 गुणिले 0.72, म्हणजे 0.52 उरतं आणि थर होतो 48 चा. दुप्पट करून 56 लावले असते तर माणूस सोबतच्या झाडांपेक्षा जास्त गडप झाला असता. अर्थात पुढे आणायचा तर तो आकाराने दुप्पट करावा लागतो आणि पायही फोटोत खाली येतात. मोठा न करता नुसतं धुकं कमी केलं तर तो जवळ येत नाही, बुटका दिसतो. आईंना हे सांगितल्यावर त्यांनी नाद सोडला.

संध्याकाळच्या धुरकटपणालाही रीत हीच, फक्त तिथे एका फोटोत एकच रंग चालत नाही. वाशीच्या खाडीकाठावरून मावळतीकडे बघा: सूर्याच्या बाजूची हवा तांबूस आणि उजळ, पाठीमागची राखाडी निळसर. धूलिकण प्रकाश जास्त करून पुढच्याच दिशेला फेकतात, म्हणून सूर्याकडे तोंड केलं की हवा पेटल्यासारखी दिसते. तेव्हा थराचा रंग माणसाच्या अगदी शेजारून उचलायचा, फोटोच्या दुसऱ्या टोकावरून नाही.

पावसाचं थोडं वेगळं. दूरच्या सरी मिळून धुक्यासारख्याच वागतात, त्या या 28 मध्ये आल्याच. जवळच्या धारा मात्र वेगळ्या लेयरवर, माणसाच्या वर घ्याव्या लागतात, आणि काही त्याच्या खालीही. सगळ्या धारा त्याच्यामागेच राहिल्या तर पाऊस पडद्यावर छापलेला वाटतो.

एवढं सगळं करून फोटो परत दाखवला. रेलिंग गेलं होतं, शर्ट मळला होता. आईंनी परत दोन बोटांनी मोठा केला.

"छत्री एकच आहे ना? आणि ती हिच्या हातात. मग ह्यांचा डावा खांदा कोरडा कसा?"

ओलं कापड गडद होतं, कारण पाणी शिरलं की त्यातून परत फिरणारा उजेड कमी होतो. शर्टाचाच रंग उचलून `Multiply` मोडमधला एक लेयर धुक्याच्या थराच्या खाली घातला आणि मऊ ब्रशने खांद्यापासून कोपरापर्यंत डाग उतरवला. धुक्याच्या वर घातला असता तर ओल धुक्यातून बाहेर आली असती. अल्बम त्याच ओल्या खांद्यासकट छापायला गेला.