टक्का वाढला म्हणजे पैसा आला, असं नाही

गेल्या महिन्यात भाच्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर बिटकॉइनच्या डॉमिनन्सचा `BTC.D` नावाचा आलेख होता आणि त्याची रेघ वर चढत चालली होती. "मामा, सगळा पैसा छोट्या कॉइनमधून निघून बिटकॉइनमध्ये चाललाय," तो म्हणाला. त्याच दिवशी बिटकॉइनचा भाव मात्र उतरलेला होता. पैसा येतोय तर भाव उतरला कसा, असं मी विचारलं तेव्हा तो गोंधळला. हा गोंधळ इतका सर्रास दिसतो की त्यावर सविस्तर लिहावं असं वाटलं.

डॉमिनन्स म्हणजे वाटा. बिटकॉइनचं बाजारमूल्य भागिले सगळ्या क्रिप्टो नाण्यांचं मिळून बाजारमूल्य, आणि त्याला शंभराने गुणायचं. बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले चलनात असलेली नाणी. गफलत इथेच सुरू होते. समजा एका सोसायटीत 40 फ्लॅट आहेत. मागचा सौदा 75 लाखांना झाला होता, आज एक फ्लॅट 80 लाखांना गेला. कागदावर अख्ख्या इमारतीची किंमत 2 कोटींनी वाढली. प्रत्यक्षात हात बदलले ते 80 लाख, आणि तेही एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले. बाजारमूल्य ही तिजोरीतल्या पैशांची मोजणी नव्हेच. मग त्याच्या टक्केवारीवरून पैसा कुठून कुठे गेला हे कसं कळणार?

आता भाच्याचा आलेख. सगळ्या बाजाराचं मूल्य 100 धरू, त्यात बिटकॉइन 60 आणि बाकीची नाणी 40. बिटकॉइन 10 टक्के पडलं, उरले 54. बाकीची नाणी 25 टक्के पडली, उरले 30. एकूण 84, आणि 84 मध्ये 54 म्हणजे 64 टक्क्यांहून थोडं जास्त. सगळ्यांचंच नुकसान झालं, तरी डॉमिनन्स चढला. तो आकडा फक्त कोण कमी पडलं आणि कोण जास्त पडलं एवढंच सांगतो.

पण लहान नाणी बिटकॉइनबरोबर पडतात तरी का? लोक घाबरतात म्हणून, असं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण त्याच्या आत एक यंत्रणा आहे आणि मला ती फार सुंदर वाटते.

'क' नावाचं एक लहान नाणं घ्या. ते दोन खिडक्यांवर विकलं जातं. एका खिडकीवर डॉलर देऊन घ्यायचं, दुसरीवर बिटकॉइन देऊन. बिटकॉइनचा भाव 50,000 डॉलर आहे. दुसऱ्या खिडकीवर 'क'चा भाव 0.001 बिटकॉइन आहे, म्हणजे 50 डॉलर. पहिल्या खिडकीवरही 50 डॉलरच. आता काही कारणाने बिटकॉइन 45,000 वर आलं. 'क'च्या दोन्ही खिडक्यांवर अजून कुणी हात लावलेला नाही. तरीही दुसऱ्या खिडकीवरचं 0.001 बिटकॉइन आता 45 डॉलरचंच राहिलं, आणि पहिलीवर पाटी 50 ची.

ज्याच्याकडे एक बिटकॉइन आहे तो काय करील? दुसऱ्या खिडकीवर 1,000 'क' घेईल, पहिलीवर 50 च्या भावाने विकून 50,000 डॉलर उचलेल आणि 45,000 च्या भावाने पुन्हा बिटकॉइन घेईल. हाती आले 1.11 बिटकॉइन. हे काम संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत करतात. प्रत्येक फेरीत डॉलरच्या खिडकीवर विक्री होते आणि भाव उतरतो, बिटकॉइनच्या खिडकीवर खरेदी होते आणि भाव चढतो. दोन्ही भाव मध्ये कुठेतरी जुळतात. ज्या खिडकीवर उलाढाल मोठी, तिचा भाव कमी हलतो. म्हणजे बिटकॉइनची खिडकी मोठी असेल तर 'क' 45 च्या जवळ येऊन थांबणार. 'क'बद्दल ना चांगली बातमी आली, ना वाईट. तरी ते पडलं.

सुरुवातीच्या वर्षांत बिटकॉइनचीच खिडकी मोठी होती, कारण अनेक एक्स्चेंजना बँका दारात उभं करत नव्हत्या. आपल्याकडेही तेच झालं. 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. जुलैपासून एक्स्चेंजवर थेट रुपये भरायची वाट बंद झाली आणि नाणं देऊन नाणं घेण्याचे सौदे वाढले. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक 4 मार्च 2020 रोजी रद्द केलं.

त्यानंतर आठच दिवसांनी, 12 मार्चला, बिटकॉइन 7,900 डॉलरच्या आसपासून 5,000 च्या खाली घसरलं. कोरोनाच्या धास्तीने जगभरचे शेअर बाजारही कोसळत होते. बिटकॉइनखालोखाल मोठं नाणं असलेलं इथर त्याच दिवशी 190 डॉलरच्या घरातून 110 च्या जवळ आलं. दोघंही जवळपास सारखेच पडल्यामुळे डॉमिनन्सची रेघ मात्र फारशी हलली नाही. नुसता तोच आलेख बघणाऱ्याला बाजार कोसळल्याचा पत्ताही लागला नसता.

त्या दिवशी खिडक्यांबरोबर तारणाचंही गणित चाललं. तेव्हा वायद्यांसाठी डॉलरऐवजी बिटकॉइनच तारण ठेवायची पद्धत फार रूढ होती. समजा एकाने 8,000 डॉलरचं एक बिटकॉइन तारण ठेवून 40,000 डॉलरच्या इथरचा तेजीचा सौदा केला. इथर 10 टक्के उतरलं, तोटा 4,000. तारण डॉलरमध्ये असतं तर 4,000 शिल्लक राहिले असते. पण बिटकॉइनही 25 टक्के पडलेलं, म्हणून तारणाचेच 6,000 झाले आणि शिल्लक उरली 2,000. एक्स्चेंजची किमान अट 2,500 ची असेल, तर त्याला न विचारता त्याचं इथर विकलं जातं. यालाच लिक्विडेशन म्हणतात. बिटकॉइन पडल्यामुळे इथर विकावं लागलं, त्या विक्रीने इथर आणखी पडलं, आणि पुढच्याचं तारण अपुरं ठरलं. लहान नाण्यांना एवढ्या विक्रीसमोर खरेदीदार थोडे असतात, म्हणून तीच पडझड तिथे जास्त खोल जाते.

आज बहुतेक सौदे डॉलरशी बांधलेल्या स्टेबलकॉइनमध्ये होतात, त्यामुळे बिटकॉइनची खिडकी पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. साथ मात्र सुटलेली नाही. तारण अजूनही अनेकदा बिटकॉइनचंच असतं, आणि खरेदी-विक्रीचे भाव लावून बसणाऱ्या त्याच मोठ्या पेढ्या सगळ्या नाण्यांत असतात. एका ठिकाणी ठोकर लागली की त्या सगळीकडूनच हात आखडतात.

स्टेबलकॉइनने डॉमिनन्सचं गणितही बिघडवलंय. तेही छेदात मोजले जातात. ते नव्याने निघाले की बाकी नाणी तसूभर न हलताही बिटकॉइनचा वाटा कमी दिसतो. 2017 च्या सुरुवातीला हा वाटा 80 टक्क्यांच्या वर होता, जानेवारी 2018 मध्ये 35 च्याही खाली आला. त्या घसरणीत लहान नाण्यांच्या भावातल्या उसळीबरोबर नव्याने छापलेल्या नाण्यांचाही हात होता. म्हणून "डॉमिनन्स अमुक टक्क्यांखाली आला की आल्ट सीझन, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकी नाण्यांच्या तेजीचा हंगाम, सुरू" अशी भाकितं विकणाऱ्यांचा मला राग येतो. छेदात काय मोजलंय हे न सांगता आकड्याला मुहूर्त मानायला लावणं आणि पत्रिकेवरून परीक्षेचा निकाल सांगणं यांत मला फरक दिसत नाही.

भाच्याला मी `BTC.D` बंद करून `ETH/BTC` उघडायला सांगितलं, म्हणजे बिटकॉइनच्या खिडकीवरचा इथरचा भाव. ही रेघ सपाट असेल आणि डॉलरमधला भाव पडलेला असेल, तर इथर बिटकॉइनबरोबर नुसतं ओढलं गेलंय. रेघ चढत असेल तर इथरला स्वतःचं बळ आहे. त्या दिवशी ती खाली वाकलेली होती. इथर बिटकॉइनपेक्षा जास्त पडलं होतं, आणि त्याच्या `BTC.D` ची रेघ वर चढायचं एक कारण समोरच दिसत होतं.