चेंडू मिडऑनला जातोय: डोकं पडतंय की खालचा हात फिरतोय?

नवशिक्या फलंदाजाला स्ट्रेट ड्राइव्ह शिकवताना एक तक्रार हमखास येते. मधल्या यष्टीवर, पुढ्यात टाकलेला चेंडू सरळ न जाता मिडऑनकडे घरंगळतो. प्रशिक्षक लगेच म्हणतात, ‘आडवी बॅट येतेय, सरळ खेळ.’ पण बॅट आडवी येण्याची कारणं दोन आहेत, ती बाहेरून सारखीच दिसतात आणि त्यांचे उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत. (पुढचं सगळं उजव्या हाताच्या फलंदाजासाठी लिहिलंय. डावखुऱ्यासाठी बाजू उलटी धरा.)

पहिलं कारण म्हणजे डोकं ऑफच्या बाजूला पडणं. डोकं शरीराचा सगळ्यात वरचा आणि चांगलाच जड भाग. ते जिकडे झुकतं तिकडे पुढचा पाय जातो. डोकं चेंडूच्या रेषेच्या पलीकडे गेलं की पाय गोलंदाजाकडे न पडता कव्हरच्या दिशेने आडवा पडतो आणि चेंडूच्या वाटेतच रोवला जातो. आता बॅटला सरळ खाली यायला जागाच उरत नाही, पॅडला वळसा घालूनच तिला यावं लागतं. हा वळसा म्हणजेच आपल्याला दिसणारी आडवी बॅट. चेंडू लागला तर मिडऑनला, चुकला तर पायचीत.

दुसऱ्या प्रकारात डोकं आणि पाय दोन्ही जागेवर असतात. बिघाड असतो ग्रिपमध्ये. खालच्या हाताचा तळवा दांड्याच्या मागे गेलेला असतो आणि पाचही बोटांनी दांडा आवळलेला असतो. बॅट खाली येताना हा हात पुढे ढकलतो, डावा कोपर खाली पडतो, मनगट वळतं आणि चेंडू लागायच्या क्षणी बॅटचं तोंड लेगकडे मिटतं. तोंड थोडं मिटलं तर चेंडू मिडऑनला जातो. फार लवकर मिटलं तर बाहेरची कड लागून चेंडू हवेत उडतो आणि गोलंदाजाच्या किंवा मिडऑफच्या हातात अलगद पडतो. त्यामुळे एकाच षटकात काही चेंडू मिडऑनला आणि एखादा ऑफला हवेत जात असेल, तर संशय आधी खालच्या हातावर घ्यावा.

ओळखायचं कसं? चेंडू कुठे गेला ते बघू नका, फटक्यानंतर फलंदाज कसा उभा आहे ते बघा. प्रत्येक फटक्यानंतर त्याला तीन मोजेपर्यंत तसंच थिजून राहायला सांगा. डोकं पडत असेल तर तो थांबूच शकणार नाही, मागचा पाय ऑफच्या बाजूला लडखडत एक पाऊल टाकेलच. हाताचा दोष असेल तर तो अगदी छान तोल सांभाळून उभा राहील, पण बॅट खांद्याभोवती गुंडाळलेली असेल आणि खालच्या हाताचं मनगट वरच्या हातावर चढलेलं दिसेल. नीट खेळलेल्या ड्राइव्हमध्ये डोकं पुढच्या गुडघ्यावर, मागच्या पायाची टाच वर, डावा कोपर उंच आणि बॅटचं पूर्ण पातं गोलंदाजाकडे गेलेलं असतं.

शंका उरली तर आणखी एक परीक्षा आहे. फक्त वरच्या हाताने बॅट धरायला लावा, दांड्याच्या खालच्या भागावर, म्हणजे वजन पेलवेल. बाजूला, हातभर अंतरावर उभं राहून खांद्याच्या उंचीवरून चेंडू नुसता सोडा आणि टप्प्यानंतर खेळायला सांगा. चेंडू आता सरळ जाऊ लागला तर दोष खालच्या हाताचा. तरीही मिडऑनलाच जात असेल आणि फलंदाज ऑफला कलत असेल तर दोष डोक्याचा. लहान मुलांच्या मनगटात एवढी ताकद नसते, तेव्हा त्यांच्या बाबतीत या परीक्षेवर फार विसंबू नये. जड बॅट स्वतःच खालच्या हाताला कामाला लावते, म्हणून बॅटचं वजनही एकदा तपासावं.

आता उपाय. डोकं पडत असेल तर सुरुवात स्टान्सपासून करा. पाय खांद्याइतके फाकलेले, वजन टाचांवर नाही तर चवड्यांवर, हनुवटी पुढच्या खांद्यावर वळलेली आणि दोन्ही डोळे समपातळीत गोलंदाजाकडे. समोरून पाहिलं तर डोळ्यांखालून सोडलेला ओळंबा बोटांच्या टोकांवर पडायला हवा, त्यापलीकडे नाही. मग मधल्या यष्टीपासून गोलंदाजाकडे खडूची रेघ ओढा. पुढचा पाय त्या रेघेच्या लेगकडच्या बाजूलाच पडला पाहिजे. थ्रोडाउन पाच-सहा मीटरवरून, खांद्याखालून, हळू आणि मधल्या ते लेग यष्टीच्या रेषेत द्या. हा दोष पुष्कळदा थ्रोडाउन देणाराच लावतो. तो चेंडूचा मार लागू नये म्हणून ऑफच्या बाजूला सरकून उभा राहतो आणि नकळत सगळे चेंडू ऑफबाहेर टाकतो. मुलगा त्यांच्यामागे डोकं नेतो, त्यात त्याची काय चूक?

खालच्या हातासाठी मात्र हेच हळू चेंडू घातक. चेंडूला वेग नसला की जोर आपण लावायचा असं फलंदाजाला वाटतं आणि तो जोर खालच्या हातातूनच येतो. आधी ग्रिप बसवा. बॅट जमिनीवर पालथी ठेवा आणि कुऱ्हाड उचलतात तशी दोन्ही हातांनी उचलायला सांगा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमधली खाच एका रेषेत यावी आणि ती रेषा पात्याच्या पाठीवरचा कणा आणि बाहेरची कड यांच्या दरम्यान पडावी. नंतर सोडलेल्या चेंडूंवर सहा फटके फक्त वरच्या हाताने, सहा फटके खालच्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं टेकवून, आणि मग पूर्ण ग्रिपने. हे जमलं की दहा मीटरवरून, डोक्यावरून, मऊ चेंडूने जरा वेगात थ्रोडाउन द्या. टप्पा पुढच्या पायाच्या साधारण एक बॅटभर पुढे हवा. वेग चेंडूतच असला की फलंदाजाला नुसतं पूर्ण पातं दाखवायचं असतं.

समजा बारा थ्रोडाउनपैकी सात मिडऑनला गेले आणि दोन हवेत मिडऑफकडे. सातही वेळा मुलगा थिजून नीट उभा राहिला. हा खालचा हात आहे. त्याला ‘डोकं चेंडूवर आण’ म्हणालात तर तो डोकं ऑफला ढकलेल आणि आठवड्याभरात दोन्ही दोष घेऊन समोर येईल. उलट डोकं पडणाऱ्याला ‘खालचा हात सैल सोड’ म्हणालात तर पाय वाटेतच राहतो, बॅटला जोर उरत नाही आणि चेंडू पॅडवर आदळतो.

दोन्ही दोष एकत्र असतील तर आधी डोकं. कलणाऱ्या शरीराला सावरायला खालचा हात आपोआप आवळला जातो. डोकं स्थिर झालं की ग्रिपचा निम्मा त्रास तसाच सुटतो, आणि जो उरतो तोच खरा ग्रिपचा दोष असतो.

फटका बसू लागला की तो थेट थ्रोडाउन देणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून कडक चेंडू हातात घेण्याआधी समोर जाळीची आड उभी करा. ऑफला सरकून उभं राहण्याचा मोहही त्यामुळे टळतो. लक्ष्यासाठी दहा मीटरवर दोन मीटरच्या अंतराने दोन मार्कर ठेवा, एक गोलंदाजाच्या यष्टीच्या डावीकडे आणि एक उजवीकडे. बारापैकी आठ चेंडू त्यांच्यामधून जमिनीलगत जाऊ लागेपर्यंत वेग वाढवू नका.