जुन्या नोकऱ्या प्रोफाइलमधून काढताना
(लिंक्डइन, नोकरी पोर्टल आणि बायोडेटा करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "ती जुनी कॉल सेंटरची नोकरी उडवून टाकू का?" उडवता येते. पण तिच्या जागी काय दिसेल, हे आधी बघावं लागतं.

चाकणच्या एका परचेस मॅनेजरचं उदाहरण घेऊ (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). 2004 साली बी.कॉम. झाले. वर्षभर सायबर कॅफे सांभाळला, मग दोन वर्षं कॉल सेंटर, मग 2009 पर्यंत क्रेडिट कार्डांची विक्री. त्यानंतर 2013 पर्यंत एका कारखान्यात स्टोअर असिस्टंट, 2018 पर्यंत परचेस एक्झिक्युटिव्ह आणि पुढे मॅनेजर. पहिल्या तीन नोकऱ्यांचा खरेदीशी संबंध नाही, म्हणून त्यांनी स्वतःच त्या पुसल्या. पदवीचं 2004 हे साल मात्र खाली तसंच राहिलं. पहिल्याच फोनवर एचआरच्या बाईंनी विचारलं, "मधली पाच वर्षं काय करत होतात?" लपवायचं काहीच नव्हतं, पण पोकळीच तशी दिसत होती.

पदवीचं सालही काढावं, असा सल्ला पुष्कळजण देतात. आम्ही देत नाही. साल नसलं की वाचणारा वयाचा अंदाज बांधू लागतो, आणि तो सहसा खऱ्यापेक्षा जास्तच निघतो.

आम्ही त्या तीन नोकऱ्यांची एकच नोंद केली. पदाच्या जागी "सुरुवातीच्या नोकऱ्या: ग्राहकसेवा व विक्री", कंपनीच्या जागी "पुण्यातील तीन संस्था" आणि तारखा 2004 ते 2009. खाली वर्णन काहीच नाही. तीन नोकऱ्या आहेत हे उघड लिहिलंय, त्यामुळे एकाच ठिकाणी पाच वर्षं काढल्याचा आभास होत नाही. तारखांची साखळी अखंड राहते आणि वाचणाऱ्याची नजर तिथे अडत नाही.

स्टोअर असिस्टंटची नोकरीही त्यांना लहान वाटत होती. ती मात्र आम्ही ठेवायला लावली. माल मोजून घेणं, आलेल्या मालाची नोंद म्हणजे जीआरएन करणं, कप्प्यांतला साठा आणि रजिस्टर जुळवणं हे ज्याने हाताने केलंय, त्याला पुरवठादाराची लबाडी लवकर कळते. त्या चार वर्षांसाठी दोन ओळी दिल्या, सध्याच्या पदासाठी सहा. जागा नव्या कामाला जास्त द्यायची, इतकंच.

आता आकडे. नोकरी पोर्टलवर एकूण अनुभव आपण स्वतः भरतो. यांचा एकूण अनुभव 21 वर्षांचा, त्यातला खरेदी-स्टोअरचा 16. पोर्टलवर 21 आणि बायोडेट्याच्या पहिल्या ओळीत नुसतं "16 वर्षांचा अनुभव" असेल, तर यातलं खरं कोणतं असा प्रश्न पडतो. "खरेदी व स्टोअरमध्ये 16 वर्षे" असं लिहिलं की दोन्ही आकडे खरे ठरतात.

एक गोष्ट आम्ही करून देत नाही. अलीकडची चार-सहा महिन्यांची नोकरी काढून शेजारच्या नोकरीची तारीख ताणायची, ही. पीएफ कापला गेला असेल, तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत त्या कंपनीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि पडताळणी करणारे तीच मागतात. छोटी नोकरी प्रोफाइलवर नको असेल तर नोंद काढू, पण आजूबाजूच्या तारखा खऱ्याच राहतील आणि मुलाखतीत विचारलं तर सांगायची तयारी हवी. यूएएन 2014 मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या नोकऱ्या तिथे नसण्याचीही शक्यता असते. रिलीव्हिंग लेटर म्हणूनच सांभाळून ठेवा.

आणि प्रोफाइल वेगळं, फॉर्म वेगळा. प्रोफाइलवर काय दाखवायचं हे आपण ठरवतो. कंपनीच्या अर्जात किंवा पडताळणीच्या फॉर्ममध्ये सगळ्या नोकऱ्या विचारल्या असतील, तर सायबर कॅफेसकट सगळ्या लिहायच्या. तिथे गाळलेली नोकरी नंतर सापडली, तर हातात आलेली ऑफरही जाऊ शकते.

लिंक्डइनवर हात लावण्याआधी दोन कामं करा. प्रोफाइलची पीडीएफ उतरवून घ्या (`Save to PDF`), कारण पुसलेल्या नोंदीतला मजकूर नंतर आठवून लिहावा लागतो. आणि नोंद बदलताना `Notify network` बंद ठेवा. नाहीतर जुनी तारीख दुरुस्त केली की "नव्या नोकरीबद्दल अभिनंदन" येऊ लागतं, आणि ते तुमच्या साहेबांनाही दिसू शकतं. हा प्रकार आमच्या एका ग्राहकाने भोगलाय.

आमच्याकडे येताना ही पीडीएफ, यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीची प्रत, आणि अगदी पहिल्या नोकरीपासूनच्या तारखा एका कागदावर लिहून आणा. कुठल्या नोकऱ्या काढायच्या ते तुम्ही आधी ठरवू नका. सगळ्या लिहा, काढायचं काय ते समोरासमोर बसून बघू.